महाविद्यालयाजवळ विद्यार्थ्यांसाठी पेइंग गेस्टची जाहिरात द्यायची आहे. भाडे, सोयी आणि नियम यांचा मसुदा तपासून हवा आहे

ओसरी:
नमस्कार. आमचे घर अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन अशा दोन्ही शाखा असलेल्या महाविद्यालयापासून पायी दहा मिनिटांवर आहे. खाली आम्ही दोघे राहतो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्नानगृह, स्वतंत्र शौचालय आणि छोटी गच्ची आहे. वर जाण्याचा जिना बाहेरून आहे, मात्र फाटक एकच आहे. येत्या शैक्षणिक वर्षापासून तेथे तीन विद्यार्थिनी ठेवण्याचा विचार आहे. मोठ्या खोलीत दोघी आणि लहान खोलीत एक, अशी व्यवस्था राहील. जाहिरातीचा मसुदा असा केला आहे:

«महाविद्यालयाजवळ विद्यार्थिनींसाठी पेइंग गेस्टची उत्तम सोय. भाडे दरमहा ४,५०० रुपये, वीजबिल वेगळे. अनामत रक्कम घेतली जाईल. नाश्ता व रात्रीचे जेवण दरमहा २,८०० रुपये. कॉट, गादी, कपाट, गरम पाणी, वाय-फाय अशा सर्व सोयी. रात्री साडेनऊनंतर प्रवेश नाही. घरगुती वातावरण. नियम पाळणाऱ्यांनीच संपर्क साधावा.»

हा व्यवहार आमच्यासाठी अगदी नवा आहे. मुलींना किंवा त्यांच्या पालकांना आल्यावर काही वेगळेच निघाले असे वाटू नये आणि आमच्यावरही नंतर वाद घालण्याची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे. मसुद्यात काय कमी आहे ते कृपया स्पष्ट सांगावे.

कोपऱ्यातली_खोली:
ताई, मी गेली तीन वर्षे पेइंग गेस्ट म्हणून राहते आहे आणि आतापर्यंत तीन घरे बदलली आहेत, त्यामुळे अशी जाहिरात वाचताना आमची नजर कुठे थांबते ते सांगते. ‘वीजबिल वेगळे’ आणि ‘अनामत रक्कम घेतली जाईल’ ही दोन वाक्ये वाचली की आम्ही भाड्याच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही, कारण खरा खर्च या दोन वाक्यांत दडलेला असतो.

माझ्या पहिल्या घरात दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेतली होती. खोली सोडताना त्यातून रंगकामाचे पैसे कापले गेले. मी भिंतीला एक खिळासुद्धा ठोकला नव्हता, पण खिडकीखालचा ओलीचा डाग माझ्या आधीपासून होता हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हते. तेव्हापासून खोली ताब्यात घेतानाच मी भिंती, नळ, कपाटाचे कुलूप, गादीच्या दोन्ही बाजू आणि पंख्याची पाती यांचे फोटो काढते आणि ते घरमालकांना त्याच दिवशी पाठवते. आपण स्वतःहून असे फोटो काढून दिलेत, तर अनामतीचा अर्धा वाद पहिल्याच दिवशी मिटतो.

दुसरी अडचण पहिल्या वर्षाच्या मुलींची असते. कॅप राउंडच्या पहिल्या फेरीत एक महाविद्यालय मिळते, घरचे घाईघाईने खोली पाहून अनामत भरतात आणि पुढच्या फेरीत बेटरमेंट मिळून मुलगी दुसऱ्या शहरात जाते. माझ्या एका मैत्रिणीने अशा वेळी फक्त नऊ दिवस राहून संपूर्ण अनामत गमावली. प्रवेश बदलला तर काय करणार, हे जाहिरातीत असायलाच हवे.

व्यवहार_चोख:
एवढा विचार करण्याची गरज नाही. मी बारा वर्षे दोन खोल्या विद्यार्थ्यांना देतो आहे. करार अकरा महिन्यांचा केला की त्याची नोंदणी लागत नाही. साध्या मुद्रांक कागदावर सही घ्यावी आणि एक प्रत पालकांना द्यावी. विजेसाठी सरळ माणशी ठरावीक रक्कम लावावी म्हणजे दरमहा हिशेबाची कटकट राहत नाही. अनामत मात्र दोन महिन्यांच्या भाड्याइतकी असावी, कारण मुले शेवटच्या महिन्याचे भाडे न देताच निघून जातात. हा माझा अनुभव आहे.

दस्त_आणि_दाखले:
माझे रोजचे काम भाडेकरारांचे आहे, म्हणून वरच्या प्रतिसादातील एका मुद्द्याबद्दल लिहितो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज भारतीय नोंदणी कायद्यातून आला आहे आणि त्या कायद्यापुरता तो खराही आहे. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेपट्टा असो वा लिव्ह अँड लायसन्स, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. असा नोंदवलेला करार नसेल, तर वादाच्या वेळी अटींबद्दल राहणाऱ्याने सांगितलेले खरे धरले जाते आणि त्याच्या विरुद्ध असेल ते मालकाला सिद्ध करावे लागते. त्यामुळे साध्या कागदावर सही घेऊन आपण सुरक्षित झालो असे मानणे मालकाच्याच अंगाशी येऊ शकते.

आता आपल्या बाबतीतला बारकावा असा आहे. याच कायद्यात ‘पेइंग गेस्ट’ म्हणजे ज्या जागेत मालक स्वतः राहतो त्या जागेचा काही भाग ज्याला राहायला दिला आहे असा, कुटुंबातील नसलेला माणूस, असा अर्थ दिला आहे, आणि लायसन्सीच्या व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळले आहे. म्हणजे मालक दुसरीकडे राहून अख्खा फ्लॅट सहा मुलांना देतो आणि जाहिरातीत ‘पीजी’ लिहितो, तेव्हा ते केवळ नाव असते. आपण मात्र त्याच घरात राहता. प्रश्न एवढाच आहे की बाहेरून जिना असलेला आणि स्वतःचे दार-कुलूप असलेला वरचा मजला ‘त्याच जागेचा भाग’ मानायचा की वेगळी जागा मानायची. यावर माझ्या ओळखीच्या वकिलांची मते वेगवेगळी आहेत. मी स्वतः अशा ठिकाणी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करण्याचाच सल्ला देतो, कारण खर्च फार नसतो. ४,५०० रुपये भाडे आणि तेवढीच अनामत धरली, तर अकरा महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क सव्वाशे रुपयांच्या आसपास येते आणि नोंदणी शुल्क शहरी हद्दीत एक हजार, ग्रामीण हद्दीत पाचशे रुपये असते. तिघींचा एकत्र करार करू नका. एक जण मध्येच गेली, तर उरलेल्या दोघींचाही कागद पुन्हा करावा लागतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तंत्रनिकेतनात दहावीनंतर प्रवेश होतो, त्यामुळे पहिल्या वर्षाची मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते. अठरा वर्षे पूर्ण नसतील तर तिच्या सहीचा करार कायद्याने टिकत नाही. तेथे आई, वडील किंवा पालक यांनीच करार करायला हवा. याशिवाय ती मुलगी राहायला आल्याची माहिती आपल्या पोलीस ठाण्याला द्या. अनेक शहरांत ही माहिती ऑनलाइन भरता येते.

सांगाती:
माझ्या भाच्याला त्याच परिसरात जागा हवी आहे. तो आणि त्याचा मित्र असे दोघे आहेत, अतिशय शांत मुले आहेत आणि नोकरी करणारी आहेत. मोठी खोली दोघांना मिळेल का? भाडे मान्य आहे.

ओसरी:
सांगाती, ही जाहिरात अजून प्रसिद्ध केलेली नाही, केवळ मसुदा तपासून घेत आहे. शिवाय आम्ही फक्त विद्यार्थिनींसाठी जागा देणार आहोत. आपल्या भाच्याला लवकर चांगली जागा मिळो.

दस्त_आणि_दाखले, आपले मनापासून आभार. करार नोंदवायचे आम्ही ठरवले आहे आणि प्रत्येकीचा वेगळा करार करू. अनामत एका महिन्याच्या भाड्याइतकीच घेणार आहोत.

विजेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. वरच्या मजल्यासाठी सब-मीटर बसवला आहे. गेले दोन महिने माझी बहीण तिच्या दोन मुलींसह तेथे राहत होती, म्हणजे माणसे तीनच होती. मागच्या महिन्यात सब-मीटरवर ५१ युनिट दिसले, तर घराचे एकूण बिल ३२० युनिटचे आणि ३,८४० रुपयांचे आले. आम्हा दोघांचे एरवीचे बिल सव्वादोनशे युनिटच्या आत असते. मग मधले युनिट गेले कुठे?

तारा_जोडणारा:
मी वायरमन आहे. आपले स्नानगृहातले गीझर सब-मीटरवर नाही, अशी मला जवळजवळ खात्री आहे. जुन्या घरात वरचे स्नानगृह आधीचे असते आणि त्याची लाइन थेट खालच्या मुख्य बोर्डातून गेलेली असते. नंतर सब-मीटर बसवणारा फक्त खोल्यांची लाइन त्यावर घेतो आणि निघून जातो.

हे तपासायला कोणाला बोलवायची गरज नाही. वरचे सगळे दिवे आणि पंखे बंद करा, प्लगमधून चार्जर काढा आणि सब-मीटरवरचा छोटा लाल दिवा पाहत उभे राहा. काहीच चालू नसेल तर तो लुकलुकायचा थांबतो. नंतर कोणाला तरी गीझर चालू करायला सांगा. दिवा भराभर लुकलुकू लागला तर गीझर सब-मीटरवर आहे. तो तसाच राहिला तर गीझर आपल्या मीटरवर चालते आहे. सगळे बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर उलटे झाले आहे, म्हणजे जिन्यातला दिवा किंवा पाण्याचा पंप असे काहीतरी आपले त्या मुलींच्या मीटरवर गेले आहे. तसे झाले तर भुर्दंड त्यांना बसतो, म्हणून दोन्ही बाजूंनी तपासा.

आता युनिटचा अंदाज. दोन किलोवॅटचे गीझर एका अंघोळीला पाव तास चालले तर अर्धा युनिट लागतो. तिघींचे दिवसाला दीड आणि महिन्याचे ४५ युनिट झाले. आपल्या सब-मीटरवरच्या ५१ मध्ये हे ४५ मिळवले की ९६ होतात, आणि ३२० मधून ९६ वजा केले की २२४ राहतात. म्हणजे आपला सव्वादोनशेचा आकडा बरोबर जुळतो.

ओसरी:
आज दुपारी तसेच करून पाहिले. यजमान वर गीझरपाशी आणि मी मीटरपाशी उभी होते. गीझर चालू केल्यावरही लाल दिवा हलला नाही. आपला अंदाज अचूक निघाला. गीझरची लाइन सब-मीटरवर घ्यायला उद्याच माणूस येणार आहे. पण दर कोणता लावायचा? कोणी म्हणते ठरावीक रक्कम लावा, कोणी म्हणते युनिटला शेवटच्या टप्प्याचा दर लावा.

तारा_जोडणारा:
शेवटच्या टप्प्याचा दर लावणे अन्यायाचे होईल. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटनंतर चढतो आणि ३०० नंतर पुन्हा चढतो. आपल्या घरात फक्त शेवटचे वीस युनिट तिसऱ्या टप्प्यात गेले आहेत. ते मुलींमुळेच गेले असे धरून त्यांच्या सगळ्या ९६ युनिटना तो दर लावता येत नाही. त्याच वेळी पहिल्या टप्प्याचा स्वस्त दर लावला तर तोटा आपला होतो. मी सगळ्यांना एकच पद्धत सांगतो: संपूर्ण बिलाची रक्कम, स्थिर आकार आणि वीज शुल्क धरून, एकूण युनिटनी भागा. ३,८४० भागिले ३२० म्हणजे १२ रुपये. ९६ युनिटचे १,१५२ आणि तिघींत प्रत्येकी ३८४ रुपये. बिल आले की त्याचा आणि सब-मीटरचा फोटो मुलींना पाठवा. सब-मीटरचा आकडा मात्र महावितरणचे रीडिंग होते त्याच दिवशी टिपा. आठ-दहा दिवसांचा फरक पडला तर भागाकार चुकीचा येतो.

ठरावीक रक्कम लावली की एक धोका असतो. पैसे दिलेलेच आहेत म्हणून गीझर आणि पंखे चालू राहतात, आणि ज्या मुली शनिवार-रविवार घरी जातात त्यांना ती रक्कम अकारण भरावी लागते.

व्यवहार_चोख:
भागाकाराची पद्धत मला पटली. तरीही माझ्याकडे ठरावीक रकमेवरून बारा वर्षांत एकदाही वाद झालेला नाही. माझ्याकडे वीज वाचवण्यासाठी गॅस गीझर आहे, त्यामुळे बिलही कमी येते.

तारा_जोडणारा:
तो गॅस गीझर स्नानगृहाच्या आत असेल आणि खिडकी लहान असेल, तर कृपया आजच तो बाहेर घ्या. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि अंघोळ करणाऱ्याला चक्कर येईपर्यंत काही कळत नाही. अशाने माणसे दगावलेली आहेत. गीझर बाहेरच्या भिंतीवर आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ, अशीच जोडणी असावी.

व्यवहार_चोख:
खिडकी आहे, पण मुले थंडीत ती बंद ठेवतात. उद्या प्लंबरला बोलावतो. सांगितल्याबद्दल आभारी आहे.

लेक_शिकते:
मी पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी यंदा दुसऱ्या गावी शिकायला जाणार आहे. ताई, साडेनऊची आपली अट अजिबात सैल करू नका. आम्ही पालक घर पाहतो ते याच भरवशावर. मुलगी उशिरा आली तर तिच्या घरी फोन गेलाच पाहिजे.

कोपऱ्यातली_खोली:
काकू, आपली काळजी मी समजू शकते, माझी आईही हेच म्हणायची. पण ‘साडेनऊनंतर प्रवेश नाही’ या वाक्याचा शब्दशः अर्थ असा होतो की रविवारी गावाहून येणारी गाडी रखडली, तर मुलीने रात्र रस्त्यावर काढायची. माझ्या दुसऱ्या घरी असे झाले. सबमिशनच्या आठवड्यात प्रयोगशाळेतून निघायला पावणेदहा झाले आणि मी फाटकाबाहेर वीस मिनिटे फोन लावत उभी राहिले. नियम आमच्या सुरक्षेसाठी होता, पण त्या रात्री त्याच नियमामुळे मी असुरक्षित होते. वेळ जरूर ठरवावी, मात्र उशीर झाला तर काय करायचे हेही त्याच नियमात सांगावे. दुसरे असे की मी आता वीस वर्षांची आहे. प्रत्येक वेळी माझ्या घरी फोन जाणे मला योग्य वाटत नाही.

लेक_शिकते:
वीस वर्षांची असली तरी मुलगी आमचीच असते. मला हे पटलेले नाही, तरी फाटक उघडले गेलेच पाहिजे हे मान्य आहे.

ओसरी:
दोघींचे म्हणणे वाचून आम्ही घरात बराच वेळ बोललो. दार उघडायचे नाही असा नियम आमच्या हातून पाळला गेलाच नसता, मग तो लिहायचा तरी कशाला, असे यजमान म्हणाले. अठरा वर्षांखालील मुलींच्या बाबतीत पालकांना कळवू आणि मोठ्या मुलींच्या बाबतीत फक्त त्या न सांगता आल्या नाहीत तर कळवू, असे ठरवले आहे. लेक_शिकते यांचे यावर समाधान होणार नाही याची मला जाणीव आहे.

जेवणाबद्दल एक प्रश्न उरला आहे. मुली शनिवार-रविवार घरी गेल्या तर त्या दिवसांचे पैसे कापावेत का?

कोपऱ्यातली_खोली:
मेसमध्ये खाडे धरतात तसेच धरावेत, फक्त कधीपर्यंत सांगायचे ते ठरवून द्यावे. आदल्या रात्रीच्या जेवणापर्यंत सांगितले तर खाडा धरावा आणि नंतर सांगितले तर धरू नये. २,८०० रुपये तीस दिवसांचे असतील, तर एका दिवसाचे साधारण ९३ रुपये होतात. सगळे कापले तर आपला भाजी-किराण्याचा अंदाज चुकेल, म्हणून बऱ्याच मेस महिन्याला ठरावीक खाड्यांपर्यंतच वजावट देतात. आपण सहा खाडे धरलेत तरी मुली खूश होतील.

ओसरी:
नवा मसुदा पुढे देते. मोठा झाला आहे, पण आता त्यात आडपडदा राहिलेला नाही असे वाटते.

«अभियांत्रिकी व तंत्रनिकेतन महाविद्यालयापासून पायी दहा मिनिटांवर, घरमालक राहतात त्याच घराच्या वरच्या मजल्यावर तीन विद्यार्थिनींसाठी राहण्याची सोय आहे. मोठी खोली दोघींत, भाडे प्रत्येकी दरमहा ४,५०० रुपये. लहान खोली एकीसाठी, भाडे ५,२०० रुपये. स्नानगृह व शौचालय तिघींत सामाईक आहे. प्रत्येकीला कॉट, गादी, कुलपाचे कपाट, टेबल व खुर्ची मिळेल. वाय-फाय भाड्यात धरलेले आहे. कपडे धुण्याचे यंत्र मात्र नाही. नळाचे पाणी सकाळी येते, टाकी असल्याने दिवसभर पुरते.

वीजबिल सब-मीटरप्रमाणे घेतले जाईल. घराच्या एकूण बिलाला एकूण युनिटनी भागून येईल तोच दर राहील आणि बिलाचा फोटो दरमहा दिला जाईल. मागील महिन्यात असे प्रत्येकी ३८४ रुपये झाले असते. खोलीत विजेची शेगडी व पाणी तापवण्याचा रॉड वापरता येणार नाही. नाश्ता व रात्रीचे जेवण ऐच्छिक असून दरमहा २,८०० रुपये आहे. आदल्या रात्री सांगितल्यास महिन्याला सहा दिवसांपर्यंत खाडे धरले जातील.

अनामत एका महिन्याच्या भाड्याइतकी राहील. खोली देताना फोटो व वस्तूंची यादी दोघांच्या सहीने केली जाईल. अनामतीतून फक्त थकीत रक्कम व यादीतील वस्तूंची मोडतोड वजा होईल, रंगकामाचे पैसे घेतले जाणार नाहीत आणि उरलेली रक्कम खोली सोडल्यापासून सात दिवसांत परत मिळेल. सोडण्यापूर्वी तीस दिवस आधी सांगावे. कॅप राउंडमध्ये प्रवेश बदलल्यास ही अट लागू नाही. राहिलेल्या दिवसांचेच भाडे घेऊन अनामत परत केली जाईल.

फाटक रात्री साडेनऊला बंद होते. उशीर होणार असल्यास नऊच्या आत फोन करावा, फाटक उघडले जाईल. न कळवता उशीर झाला तरीही उघडले जाईल, मात्र दुसऱ्या दिवशी त्याबद्दल बोलणे होईल. आई व बहीण महिन्यातून दोन रात्री विनाशुल्क राहू शकतात. वडील व भाऊ दिवसा भेटू शकतात. करार नोंदणीकृत असेल. अठरा वर्षांखालील विद्यार्थिनीच्या वतीने पालकांनी सही करावी.»

दस्त_आणि_दाखले:
मसुदा चांगला झाला आहे. एक गोष्ट राहिली. परीक्षा संपल्यावर मुली दीड-दोन महिने गावी जातात. त्या काळाचे भाडे घेणार का? करार अकरा महिन्यांचा असेल आणि जाहिरातीत काही लिहिले नसेल, तर मुलगी म्हणेल मी राहिलेच नाही आणि आपण म्हणाल सामान तर खोलीत होते.

व्यवहार_चोख:
मी पूर्ण भाडे घेतो. खोली त्यांच्यासाठीच अडकून पडलेली असते.

कोपऱ्यातली_खोली:
माझ्या आताच्या घरी सुटीत अर्धे भाडे घेतात आणि सामान एका कपाटात बंद करून ठेवता येते. त्या बदल्यात काकू उरलेली खोली पाहुण्यांसाठी वापरतात.

ओसरी:
बहीण मे महिन्यात पुन्हा येणार आहे, त्यामुळे खोली मोकळी मिळाली तर आम्हालाही हवीच आहे. अर्ध्या भाड्याची अट यजमानांना विचारते आणि जाहिरात महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावण्यापूर्वी येथे लिहिते.